फाशीविरुद्ध बोलणाऱ्या वक्त्यांनो, भाषणाआधी हा एक निकाल वाचा

प्रति,
विधी महाविद्यालयांची वादविवाद मंडळे
आणि ‘फाशीची शिक्षा रद्द करावी’ या प्रस्तावाच्या बाजूने उभे राहणारे विद्यार्थी,

सप्रेम नमस्कार.

मी फौजदारी वकिली करतो आणि बोलावणे आले की तुमच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून येतो. हा विषय दरवर्षी कुठे ना कुठे असतोच. प्रस्तावाच्या बाजूची भाषणे मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. सुरुवातीला ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा घेतला तर सगळे जग आंधळे होईल’. हे वाक्य गांधीजींच्या नावावर खपवले जाते, पण त्यांनी ते कुठे लिहिले किंवा म्हटले हे अजून एकाही वक्त्याने मला दाखवलेले नाही. मग किती देशांनी फाशी रद्द केली त्याची यादी येते, मग फाशीने गुन्हे कमी होत नाहीत हा मुद्दा येतो, आणि शेवटी आवाज चढवून माणुसकीची हाक दिली जाते. विरोधी वक्ता उठतो, एका क्रूर खटल्याचे वर्णन करतो, समोर बसलेल्यांना विचारतो, ‘ही तुमची बहीण असती तर?’ सभागृह त्याचे होते.

तुम्ही हरता ते बाजू कमकुवत आहे म्हणून हरत नाही. एका क्रूर खटल्याला तुम्ही तत्त्वज्ञानाने उत्तर देता, म्हणून हरता. खटल्याला खटल्यानेच उत्तर द्या. तोही त्यांच्याच प्रकारचा निवडा, ऐकून अंगावर काटा येईल असा. असा एक खटला महाराष्ट्रातलाच आहे. त्याचा अंतिम निकाल ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यातल्या माणसांची नावे मी इथे लिहीत नाही. ती दहा-पंधरा वर्षे नको त्या कारणाने पुरेशी छापून आली आहेत.

आधी घटना. जून २००३. रात्री एका शेतवस्तीवरच्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. जखमी आई आणि तिचा मुलगा वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना आरोपी केले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पूर्वी ते दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३६६ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०७ मध्ये आहे. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेत बदलली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारही गेले, उरलेल्या तिघांनाही फाशी हवी म्हणून. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची अपिले फेटाळली आणि सरकारचे मान्य केले. सहाही जण पुन्हा फाशीच्या यादीत.

इथे थांबून हिशेब मांडा. तीन पायऱ्यांवरच्या न्यायालयांनी पुरावा तपासला होता. दोष सिद्ध झाला की नाही, यावर तिघांचे एकमत होते. मतभेद होता तो फक्त शिक्षेवर. विरोधी वक्ता ज्याला ‘निर्विवाद खटला’ म्हणेल, तो कागदावर असाच दिसतो.

आता तपासाकडे वळू. घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांनी जखमी आईला माहितीतल्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातले चार जण ओळखले होते, आणि तिचा जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला गेला होता. हे चार जण म्हणजे पुढे फाशी झालेल्या सहांपैकी कुणी नव्हते, ती वेगळीच माणसे होती. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्याविरुद्ध आरोपपत्र गेले नाही, ते त्या रात्री कुठे होते याचाही माग काढला गेला नाही. स्वतः वार झेललेल्या आणि हल्लेखोरांना जवळून पाहिलेल्या साक्षीदाराने घटना ताजी असताना केलेली ओळख बाजूला पडली. नंतरच्या ओळखीवर खटला उभा राहिला. २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवले: सरकार पक्षाने ही महत्त्वाची बाब दडपली आणि त्या चौघांचा तपास केला नाही. सहाही जणांची निर्दोष मुक्तता झाली. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा राज्य सरकारला आदेश झाला, आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले गेले. तोवर तुरुंगात सोळा वर्षे गेली होती. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केल्यावर काही वर्षांनी ते सिद्ध झाले.

वय ही काही गूढ बाब नाही. शाळेचा दाखला, जन्मनोंद आणि काहीच नसेल तर वैद्यकीय चाचणी, एवढ्यावर ते ठरते. पण हे मागायला वकिलाला अशिलाशी निवांत बोलायला मिळावे लागते, त्याच्या गावी कुणाला तरी पाठवावे लागते. ज्याचे कुटुंबच पोटासाठी भटकते, त्याचा दाखला कोण शोधणार? आमच्या कामातला हा रोजचा अनुभव आहे. फाशीच्या खटल्यात सरकारी खर्चाने मिळालेल्या वकिलाला कागद अनेकदा सुनावणीच्या तोंडावर हातात पडतात. उलटतपासणीत विचारायचा प्रश्न एकदा राहिला की राहिला. वरची न्यायालये खालचे रेकॉर्ड वाचतात, पण जे रेकॉर्डवर आलेच नाही ते त्यांना दिसत नाही. आणि जे आले आहे, तेही शोधणाऱ्याची नजर नसेल तर दिसत नाही.

आता अशा मुद्द्यावर येतो जो तुमच्या भाषणात जवळजवळ कधीच नसतो. चूक अखेर सापडली कशी?

१९८० च्या बच्चन सिंग निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनात्मक ठरवली. वेगळे मत न्यायमूर्ती भगवतींचे होते. त्या बहुमताने एक अट घातली: जन्मठेप हा नियम, फाशी अपवाद, तीही ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणात. आणि शिक्षा ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहायचा, म्हणजे त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. पुढे रावजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजस्थानच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने नेमके उलट धरले: शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप पाहायचे, गुन्हेगार नव्हे. लहान पीठ मोठ्या पीठाचा निकाल बाजूला सारू शकत नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. तरीही पुढची अनेक वर्षे फाशीचे निकाल रावजीच्या वाटेने जात राहिले. या खटल्याचा २००९ चा निकालही त्यातलाच.

१३ मे २००९ रोजी, म्हणजे या खटल्याच्या निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने संतोष बारियार प्रकरणात सांगितले की रावजीचा निकाल बच्चन सिंगकडे दुर्लक्ष करून दिला गेला होता, आणि त्याच्या आधारावर उभे असलेले निकालही त्याच दोषाचे आहेत. तोवर खुद्द रावजीला ४ मे १९९६ रोजी फाशी झाली होती. त्याच आधारावर शिक्षा कायम झालेल्या आणखी एकाला ७ एप्रिल १९९७ रोजी. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून कळवले की १३ जणांची फाशी चुकीच्या कायदेशीर आधारावर उभी आहे, ती बदलावी. आपल्या या खटल्यातले कैदी त्यांत होते. २०१४ मध्ये आणखी एका निकालाने फाशीच्या प्रकरणातला पुनर्विलोकन अर्ज तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे, उघड न्यायालयात तोंडी ऐकला जाईल असा नियम केला. त्याआधी असे अर्ज न्यायाधीशांच्या दालनात, वकिलाला न ऐकता निकाली निघत. ऑक्टोबर २०१८ मध्ये २००९ चा निकाल मागे घेतला गेला, अपिले पुन्हा ऐकली गेली, आणि तेव्हा कुठे त्या अल्बमला वजन आले.

हा क्रम नीट पाहा. ते निर्दोष आहेत असे वाटून कुणी फाइल उघडली नव्हती. शिक्षा ठरवण्याच्या कायद्यात गोंधळ झाला होता, त्याची दुरुस्ती सुरू होती, आणि त्या वाटेवर पुरावा पुन्हा वाचला गेला. खालच्या न्यायालयांनी जन्मठेप दिली असती आणि सगळ्यांनी ती मुकाट भोगली असती, तर हे कदाचित कधीच उघड झाले नसते, असे विरोधी वक्ता म्हणेल. म्हणू द्या. ते खरेही असू शकते. पण जन्मठेपेतला माणूस चूक उघड होण्याची वाट तरी पाहू शकतो. रावजीच्या निकालातली चूक न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केली तेव्हा रावजी तेरा वर्षांपूर्वी गेलेला होता.

भाषणाचा गाभा कसा असावा, हे सांगण्यापेक्षा लिहूनच दाखवतो. आवडले तर वापरा, पण शब्द आपले करा:

‘अध्यक्ष महाराज, माझे प्रतिस्पर्धी तुम्हाला एक क्रूर खटला सांगतील. मीही सांगतो. पाच खून, बलात्कार, दरोडा. सहा आरोपी. सत्र न्यायालय म्हणाले फाशी. उच्च न्यायालय म्हणाले दोषी. सर्वोच्च न्यायालय म्हणाले दोषी, आणि सहाही जणांना फाशी. २००९ साली हे सभागृह भरले असते, तर माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी हाच खटला तुमच्यापुढे मांडला असता, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यांना मत दिले असते. कदाचित मीही दिले असते. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने सांगितले की हे सहाही जण निर्दोष आहेत. मला माझ्या प्रतिस्पर्ध्यांना एकच विचारायचे आहे. ३० एप्रिल २००९ च्या संध्याकाळी हा खटला चुकीचा आहे, हे तुम्ही कशावरून ओळखले असते?’

प्रश्न विचारून थोडे थांबा, लगेच पुढचे वाक्य म्हणू नका. बहुतेक वक्ते इथेच घाई करतात.

उत्तर येईल ते ठरलेले आहे: ‘अखेर सुटले ना? म्हणजे व्यवस्था काम करते.’ याला उत्तर देताना चिडू नका, साखळी मोजा. रावजीच्या निकालावर बारियारचे खंडपीठ बोलले नसते, चौदा न्यायाधीशांनी पत्रे लिहिली नसती, २०१४ चा नियम आला नसता, किंवा दयेचा अर्ज लवकर फेटाळून तारीख ठरली असती. यातली एक कडी निसटली असती तरी २०१९ चा निकाल ऐकायला ते कदाचित उरले नसते. आणि फाशी झालेल्यांचे अपील पुन्हा कुणी चालवत नाही. म्हणून अशा चुका किती झाल्या याचा आकडा तुम्ही देऊ नका आणि त्यांनाही देऊ देऊ नका, तो कुणाकडेच असू शकत नाही.

दुसरे उत्तर कसाबचे येईल. हे त्यांचे खरे बळ आहे आणि ते हसण्यावारी नेणारा वक्ता परीक्षकांच्या नजरेतून उतरतो. मुंबई हल्ल्यात तो जिवंत पकडला गेला, कॅमेऱ्यात दिसला, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. तिथे चुकीच्या माणसाचा प्रश्नच नव्हता. हे सरळ मान्य करा. मग विचारा, कायदा लिहायचा कसा? ‘फक्त पूर्ण खात्री असेल तेव्हाच फाशी’ असे कलम लिहिले, तर ती खात्री ठरवणार कोण? तेच न्यायाधीश, त्याच रेकॉर्डवरून. आजही वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाल्याशिवाय कुणालाच शिक्षा होत नाही, म्हणजे दोषी ठरवताना प्रत्येक न्यायाधीशाला खात्री असतेच. आपल्या खटल्यातही होती. खात्रीच्या दोन पायऱ्या करून वरच्या पायरीवर कसाब आणि खालच्या पायरीवर ते सहा मजूर, अशी विभागणी आज करता येते, कारण निकाल आपल्याला माहीत आहे. २०१५ मध्ये विधी आयोगाने २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे गुन्हे सोडून बाकी सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करण्याची शिफारस केली होती. तुमच्या प्रस्तावाचे शब्द अनुमती देत असतील तर ती भूमिका घ्या, आणि तुम्ही ती घेत आहात हे पहिल्याच मिनिटात सांगा. कोंडीत सापडल्यावर सातव्या मिनिटाला ती घेतली तर ती माघार दिसते. माझ्या मते दहशतवादाचा अपवादही टिकत नाही, कारण दबाव जितका मोठा तितका तपास घाईचा असतो. पण हे वेगळे भाषण आहे.

तिसरे उत्तर पीडितांचे. इथे बहुतेक वक्ते बचावात जातात, आवाज खाली येतो, ‘आम्हालाही दुःख आहेच’ वगैरे. मला हे कधीच कळलेले नाही. आपल्या खटल्यातल्या त्या आईकडे पाहा. तिने चार माणसे ओळखली. ते चौघे खरोखर गुन्हेगार होते की नाही ते न्यायालयाने ठरवलेले नाही, तुम्हीही ठरवू नका. पण त्यांचा तपास व्हायला हवा होता आणि तो झाला नाही. सहा जणांना फाशी मिळाली की प्रकरण मिटले, असे सगळ्यांनी धरले. सोळा वर्षांनंतर मारेकरी कुठे शोधणार? पीडितांच्या नावाने बोलायचा हक्क विरोधी वक्त्याला मुळीच सोडू नका. चुकीच्या माणसाला दिलेल्या फाशीत सगळ्यात आधी त्या आईची फसवणूक असते, हे तुमचे सर्वात जोरदार वाक्य ठरू शकते.

‘मग तपास सुधारा, फाशी कशाला रद्द करता?’ हे चौथे. त्याला एका वाक्यात उत्तर पुरे: तपास जरूर सुधारा, आणि तो सुधारेपर्यंत परत घेता येणार नाही अशी शिक्षा देऊ नका.

गुन्ह्याला आळा बसतो का, या वादात फार वेळ घालवू नका. एवढेच लक्षात ठेवा की तुलना फाशी आणि मोकळे सोडणे यांच्यात नाही, फाशी आणि जन्मठेप यांच्यात आहे. फाशी जन्मठेपेपेक्षा जास्त धाक घालते असे दाखवणारा पुरावा मिळत नाही, हे विधी आयोगाने त्याच अहवालात म्हटले आहे. तीस सेकंदांत सांगून पुढे जा.

या खटल्यातून काय सिद्ध होत नाही, तेही माहीत असू द्या. फाशीच्या कैद्यांत निर्दोषच जास्त असतात, असे यातून निघत नाही. न्यायाधीश बेफिकीर होते, असेही नाही. एका वक्त्याने एकदा हाच खटला सांगता सांगता न्यायव्यवस्थेवर तोंडसुख घेतले, आणि पुढच्या वक्त्याने शांतपणे विचारले की मग सुटकेचा निकाल कुणी दिला? त्याच्याकडे उत्तर नव्हते. तुमचा मुद्दा न्यायाधीश वाईट आहेत हा नाही. ते चांगले असूनही, तीन वेळा वाचूनही, रेकॉर्डवरची एक ओळख निसटली, हा आहे.

आता मंडळांना दोन विनंत्या. विषय जाहीर करताना बाजूने आणि विरोधात एकेक मूळ निकाल नेमून द्या आणि वक्त्यांना तो पूर्ण वाचायला लावा. इंटरनेटवरचा सारांश चालणार नाही असे आधीच कळवा. विरोधी बाजूसाठी बच्चन सिंगचे बहुमत नेमा. फाशी टिकवणाऱ्यांना तिच्यावर किती अटी घातल्या होत्या हे स्वतः वाचून कळले, तर त्यांची भाषणेही बदलतील. दुसरे, भाषणांनंतर प्रतिस्पर्ध्यांना एकमेकांना प्रश्न विचारायला दहा मिनिटे ठेवा. पाठ केलेले भाषण आणि वाचलेला निकाल यांतला फरक त्या दहा मिनिटांत बाहेर पडतो.

वेळ कुठून आणायचा, असे संयोजक विचारतीलच. प्रमुख पाहुण्यांचे मनोगत पाच मिनिटांवर आणा. त्यात मीही आलो.

आपला,
एक फौजदारी वकील आणि अधूनमधून परीक्षक